भात्यापासून तक्त्यापर्यंत

आमच्या रविवारच्या खेळात, जिथे प्रत्येक जण एक काल्पनिक पात्र होऊन खेळतो, नवीन कुणी आलं की फाशांचे नियम सांगावे लागतात, जादूचे मंत्र दिवसातून किती वेळा वापरता येतात ते सांगावं लागतं. एल्फ, ड्वार्फ आणि ऑर्क हे त्यातले वंश मात्र कधीच समजावून सांगावे लागत नाहीत. "मी ड्वार्फ घेतो" म्हणणारा मुलगा लगेच आवाज जाड करतो, नसलेल्या दाढीवरून हात फिरवतो आणि पहिल्याच खानावळीत बिअर मागवतो. एल्फ घेणारी मुलगी मान ताठ करून बसते आणि मोजकंच बोलते. ऑर्क दिसल्याचं मी सांगितलं, की तो काय करतोय हे विचारायच्या आत सगळ्यांचे हात फाशांकडे जातात. यातल्या बहुतेकांनी मूळ पुस्तकं वाचलेली नसतात. त्यांना हे सगळं कॉम्प्युटर गेम आणि सिनेमांतून मिळालेलं असतं, आणि त्या गेम-सिनेमांना त्यांच्या आधीच्या गेम-सिनेमांतून.

इतका पक्का साचा आला कुठून, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, "जुन्या युरोपीय दंतकथांतून." या उत्तरात तथ्य आहे, पण ते तिघांना सारखं लागू पडत नाही. ड्वार्फच्या साच्यामागे खरोखर जुनी आणि भक्कम गोष्ट आहे. एल्फचा साचा जुन्या गोष्टींतला निम्मा भाग गाळून झालेला आहे. आणि ऑर्कच्या मागे गोष्टच नाही, एक शब्द आहे आणि शत्रूची गरज आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

ड्वार्फपासून सुरुवात करतो, कारण तिथे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

आइसलँडमध्ये स्नोरी स्टर्लुसन नावाचा एक सरदार, कवी आणि कायदेपंडित होऊन गेला. १२२० च्या सुमारास त्याने 'एड्डा' नावाचा ग्रंथ लिहिला. आइसलँड ख्रिस्ती होऊन तेव्हा दोन शतकं उलटली होती. जुन्या देवांच्या गोष्टी विसरल्या गेल्या तर जुन्या कवितांतले संदर्भ नव्या कवींना कळणार नाहीत, म्हणून त्याने त्या सविस्तर लिहून ठेवल्या. त्यातली एक गोष्ट अशी.

लोकी हा देवांमधला उपद्व्यापी. त्याने थोर नावाच्या देवाच्या बायकोचे, सिफचे, केस कापले. थोरने हाडं मोडायची धमकी दिल्यावर तो इवाल्डीच्या कारागीर मुलांकडे गेला आणि त्यांच्याकडून सिफसाठी सोन्याचे केस करवून आणले. डोक्याला लावले की खऱ्या केसांसारखे वाढतील असे. त्यांनी त्याबरोबर एक भाला आणि घडी घालून खिशात ठेवता येईल असं एक जहाजही करून दिलं. लोकीला आता चेव चढला. ब्रोक नावाच्या ड्वार्फला तो म्हणाला, "तुझ्या भावाला असल्या तोडीच्या तीन वस्तू करता येणार नाहीत, माझ्या मुंडक्याची पैज."

ब्रोकच्या भावाने भट्टीत डुकराचं कातडं टाकलं आणि ब्रोकला बजावलं, की मी वस्तू बाहेर काढेपर्यंत भाता थांबवायचा नाही. तो बाहेर गेला आणि एक माशी येऊन ब्रोकच्या हाताला चावली. माशी कोण ते सांगायला नको. ब्रोक हलला नाही. भट्टीतून सोनेरी आयाळीचा रानडुक्कर निघाला. मग सोनं टाकलं. माशी मानेला दुप्पट जोरात चावली, तरी भाता चालूच राहिला, आणि निघाली एक अंगठी, जिच्यातून दर नवव्या रात्री तेवढ्याच वजनाच्या आठ अंगठ्या ठिबकतात. तिसऱ्या वेळी लोखंड टाकलं. या वेळी माशी पापणीवर चावली, रक्त डोळ्यात उतरलं, काही दिसेना. ब्रोकने क्षणभर एक हात सोडून माशी झटकली आणि तेवढ्यात भाता खाली बसला. लोखंडातून निघाला थोरचा हातोडा. त्याचा दांडा थोडा आखूड राहिला.

तरीही देवांनी निकाल दिला, की सगळ्यांत मोलाची वस्तू हातोडाच, कारण राक्षसांपासून आपल्याला तोच वाचवेल. लोकी पैज हरला. मुंडकं द्यायची वेळ आल्यावर तो म्हणाला, मुंडकं तुझं, पण मानेला हात लावायचा नाही. ब्रोकने मग त्याचे ओठ दोऱ्याने शिवले.

ही गोष्ट मी इतकी सविस्तर सांगितली, कारण आजच्या ड्वार्फमधला सगळ्यात टिकाऊ भाग हिच्यात आहे: हातातलं काम अर्धवट सोडायचं नाही, मग डोळ्यात रक्त उतरलं तरी चालेल. हट्टीपणा, कारागिरीचा अभिमान, दिलेल्या शब्दाबद्दलचा कडवटपणा हे सगळं त्या भात्यापाशी सापडतं. सोन्यावरून होणारी भांडणंही जुनीच आहेत. आंद्वारी नावाचा ड्वार्फ माशाचं रूप घेऊन धबधब्यात राहायचा. लोकीने त्याला जाळ्यात पकडून त्याचं सगळं सोनं काढून घेतलं, शेवटची अंगठीसुद्धा. तेव्हा त्याने त्या अंगठीला शाप दिला. पुढची सगळी खूनबाजी त्या शापातून घडते. पण नीट वाचलं तर इथे लुटला गेलेला ड्वार्फ आहे. लोभ लुटणाऱ्यांचा आहे, आणि कालांतराने तो ड्वार्फच्या नावावर चढला.

आता या गोष्टींत काय नाही ते पाहू. कुऱ्हाड नाही. दारूचे बुधले नाहीत. एल्फांशी वैर नाही. आणि मुख्य म्हणजे, जुन्या कवितांत त्यांच्या उंचीचा जवळजवळ उल्लेखच नाही. यिमिर नावाच्या आदिराक्षसाच्या कवटीचं आकाश झालं, आणि ते चार कोपऱ्यांत चार ड्वार्फांनी पेलून धरलं आहे, असं स्नोरी सांगतो. त्यांची नावं उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. आकाश पेलणाऱ्याची उंची मोजायचं त्या कवींना सुचलं नसावं. त्या कवितांत ड्वार्फची ओळख म्हणजे दगडातली वस्ती, भट्टीतलं कसब आणि उन्हाची भीती. एक कविता आहे, तिच्यात अल्वीस नावाचा फिकट नाकाचा ड्वार्फ थोरच्या मुलीला मागणी घालायला येतो. थोर त्याला प्रश्न विचारत राहतो, ढगाला देव काय म्हणतात, राक्षस काय म्हणतात, एल्फ काय म्हणतात. अल्वीस विद्वान, तो उत्तरं देण्यात रमून जातो. शेवटी पहाट होते, आणि तेच थोरला हवं होतं. पोथीपंडित ड्वार्फ हा किती चांगला नमुना होता, पण त्याचा साचा झाला नाही.

मग खुजा, दाढीवाला, खाणीत राबणारा ड्वार्फ आला कुठून? मुख्यत्वे जर्मन मुलखातून. १२०० च्या सुमारास रचलेल्या 'नीबेलुंगनलीड' या महाकाव्यात खजिन्याचा राखणदार अल्बेरिश आहे, आणि सिगफ्रीड त्याला दाढी धरून खेचतो. पण काव्यापेक्षाही मला इथे खाणकामगार महत्त्वाचे वाटतात. सोळाव्या शतकात सॅक्सनी आणि बोहेमियाच्या सीमेवरच्या डोंगरांत चांदीच्या मोठ्या खाणी होत्या. गेओर्ग आग्रिकोला हा तिथल्या योआखिमस्टालचा वैद्य. खाणकामावरच्या त्याच्या ग्रंथाला पुढे दोन शतकं तोड नव्हती. जमिनीखालच्या प्राण्यांवर त्याने १५४९ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि त्यात खाणीतल्या भुतांचीही नोंद केली. ही भुतं दोनेक फूट उंच, म्हाताऱ्यासारखी दिसणारी, खाणकामगारांचाच पोशाख घातलेली, कमरेला चामड्याचा एप्रन. ती सारखी कामात दिसतात, खोदतात, दोर ओढतात, पण प्रत्यक्षात काहीच करत नाहीत.

अंधारात, लाकडी टेकूंच्या करकरीत, दूरच्या बोगद्यातल्या ठोक्यांचे प्रतिध्वनी ऐकत काम करणाऱ्या माणसाला असं काही दिसणं समजण्यासारखं आहे. शिवाय त्यांच्या रागाला एक ठोस कारण होतं. चांदीसारखं दिसणारं एक खनिज हातांना भाजल्यासारखं करायचं, भट्टीत घातलं की आर्सेनिकचा विषारी धूर निघायचा आणि चांदी तर मुळीच मिळायची नाही. कामगार म्हणायचे, खाणीतल्या कोबोल्ड नावाच्या भुतांनी चांदी चोरून हे ठेवलं. पुढे अठराव्या शतकात त्या खनिजातून नवा धातू वेगळा काढला गेला, तेव्हा त्याला त्या भुताचंच नाव राहिलं, कोबाल्ट. या खाणकामगारांच्या जगातूनच पुढे ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या गोष्टीतले ते सात जण आले, दिवसभर डोंगरात खनिज खणणारे आणि संध्याकाळी घरी परतणारे. मराठीत आपण त्यांना 'हिमगौरी'तले सात बुटके म्हणून ओळखतो.

आइसलँडचा लोहार-ड्वार्फ आणि जर्मन खाणीतलं बुटकं भूत यांना एकत्र आणलं ते जे. आर. आर. टॉल्कीन यांनी. ते ऑक्सफर्डचे प्राध्यापक, जुन्या इंग्रजी आणि नॉर्स भाषांचे अभ्यासक. १९३७ च्या 'द हॉबिट' या कादंबरीतले जवळजवळ सगळे ड्वार्फ त्यांनी एकाच यादीतून उचलले. 'वोलुस्पा' या जुन्या कवितेत मध्येच ड्वार्फांच्या नावांची लांबलचक जंत्री येते: दुरिन, द्वालिन, बिफुर, बोफुर, बोम्बुर, नोरी, थोरिन, फिली, किली. आणि त्याच जंत्रीत, ड्वार्फांच्या रांगेत, गांडाल्फसुद्धा आहे, ज्याच्या नावातच 'एल्फ' आहे. पहिल्या खर्ड्यात टॉल्कीन यांनी हे नाव ड्वार्फांच्या म्होरक्यालाच दिलं होतं. कादंबरीतल्या जादूगाराकडे ते नंतर गेलं.

ड्वार्फांच्या यादीत एल्फ काय करतो, हा प्रश्न मला इथे थांबवतो. कारण जुन्या कवितांत ही भिंतच पक्की नाही. लोकीसाठी सोन्याचे केस करणारी इवाल्डीची मुलं स्नोरीच्या लेखी 'काळे एल्फ' आहेत, आणि काळ्या एल्फांच्या मुलखात गेलं की भेटतात ते ड्वार्फ. जुन्या काव्यातला सगळ्यात थोर लोहार व्योलुंड, त्याला कवी 'एल्फांचा राजपुत्र' म्हणतो. एका लोभी राजाने त्याला पकडून त्याच्या पायांच्या शिरा तोडल्या आणि बेटावर कामाला जुंपलं. व्योलुंडने राजाच्या दोन मुलांना मारून त्यांच्या कवट्यांचे चांदीने मढवलेले पेले राजाला पाठवले आणि तो उडून निघून गेला. सोनं घडवणारा, सूडाने पेटलेला, लंगडा एल्फ आजच्या कुठल्या गेममध्ये बसेल? त्याला बसवायला जागाच ठेवलेली नाही.

दोन रकान्यांत विभागणी करण्याची सुरुवात स्नोरीनेच केली. उजळ एल्फ सूर्यापेक्षा देखणे, वर राहणारे. काळे एल्फ डांबरापेक्षा काळे, जमिनीखाली राहणारे. ही वाटणी इतकी नेटकी आहे, की तिच्यात ख्रिस्ती देवदूत आणि सैतानांची सावली पडलेली बऱ्याच अभ्यासकांना दिसते. टॉल्कीन यांनी ती वाटणी पुढे नेली, पण तिला रंग-उंचीपुरती न ठेवता दोन लोकसमूहांचा इतिहास दिला: भाषा, लिपी, राजघराणी, आणि एका रत्नहारावरून झालेलं जुनं रक्तरंजित वैर. एल्फ-ड्वार्फ वैर हे या हारातून आलं आहे, दंतकथांतून नाही.

इथे एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. १९५५ च्या एका पत्रात टॉल्कीन यांनी लिहिलं, की आपल्याला ड्वार्फ ज्यूंसारखे वाटतात: जिथे राहतात तिथले आणि तरी परके, तिथली भाषा बोलणारे पण स्वतःच्या खाजगी भाषेची छटा ठेवून. ड्वार्फांच्या भाषेची घडणही त्यांनी सेमिटिक ठेवली. घर हरवलेल्या लोकांबद्दलची ही सहानुभूती खरी आहे. पण 'द हॉबिट'मधले पैशाचा हिशेब ठेवणारे ड्वार्फ शेजारी ठेवले, की युरोपात शतकानुशतकं ज्यूंवर चिकटवलेलं लोभाचं लेबल आठवतंच. टॉल्कीन ज्यूद्वेष्टे नव्हते. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशकाने त्यांना आर्य वंशाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी फार खरमरीत उत्तर लिहिलं होतं. तरीही मोठ्या संस्कृतीतली जुनी समजूत लेखकाच्या हातून कशी नकळत पुढे सरकते, हे मला या उदाहरणात लख्ख दिसतं.

आता एल्फ. त्यांच्याबद्दल जे गाळलं गेलं त्याचं मला सर्वांत वाईट वाटतं.

इसवी सन १००० च्या आसपासच्या इंग्लंडमधल्या एका हस्तलिखितात अचानक टोचणाऱ्या वेदनेवरचा तोडगा आहे. ताप उतरवणारी एक वनस्पती, लाल खाजकुयलीसारखं झाड आणि रुंद पानांचं एक रानरोप, हे लोण्यात उकळायचं. मग मंत्र म्हणायचा: हा बाण देवांचा असो, एल्फांचा असो की चेटकिणीचा असो, मी तुला बरं करीन. त्या काळच्या इंग्रज शेतकऱ्याला एल्फ म्हणजे आजार होता. पाठीत उसण भरली, जनावर अचानक आडवं झालं, तर एल्फाने बाण मारला. शेतात सापडणारी पाषाणयुगातली गारगोटीची बाणाग्रं हा त्याचा पुरावा मानला जायचा, आणि स्कॉटलंडमध्ये लोक ती चांदीत मढवून गळ्यात घालायचे. जी वस्तू मारते तीच राखते, अशी ती समजूत.

याच लोकांनी आपल्या मुलांना एल्फांची नावं दिली. आल्फ्रेड राजाच्या नावाचा अर्थच 'एल्फांचा सल्ला' असा आहे. देखण्या स्त्रीला 'एल्फासारखी सुंदर' म्हणत, आणि बायबलमधल्या साराबद्दलही जुन्या इंग्रजी कवितेत हाच शब्द येतो. म्हणजे सौंदर्य, भीती, आजार, कृपा हे सगळं एकाच नावात होतं. आपल्याकडे देवीचा कोप आणि देवीची कृपा एकाच ठिकाणी नांदते, तसंच म्हणा.

सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रजी नाटकांनी आणि कवितांनी या एल्फांना फुलांच्या पाकळीत झोपणारे चिमुकले जीव करून टाकलं. टॉल्कीन यांना याचा मनापासून राग होता. त्यांनी एल्फ पुन्हा माणसाएवढे उंच केले, त्यांना अमरत्व दिलं, पश्चिमेच्या समुद्रापलीकडचा देश दिला. त्या देशाला आयरिश दंतकथांतल्या पश्चिम बेटांचा वास आहे. टेकड्यांच्या पोटात राहणाऱ्या, माणसांपुढे हरून माघार घेतलेल्या आयरिश देवकुळाचीही छाया त्यांच्यावर आहे. टॉल्कीन यांचे एल्फ थकलेले, दुःखी, आणि काही वेळा फार क्रूर आहेत. अमर माणसाला किती गमवावं लागतं, हा त्यांचा विषय. पण पुढच्या अनुकरणांत ते दुःख गळून पडलं आणि उरली फक्त ताठ मान, निमुळते कान आणि धनुष्य. गर्विष्ठ एल्फ म्हणजे शोक काढून घेतलेला टॉल्कीनचा एल्फ, असं मला वाटतं. म्हणूनच तो इतका कंटाळवाणा होतो.

ऑर्कबद्दल लिहिताना जुन्या आख्यायिकांचा शोध फार लवकर संपतो. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात एकशे बाराव्या ओळीत, भाऊ मारणाऱ्या केनच्या वंशातून निपजलेल्या जिवांची यादी येते: राक्षस, एल्फ आणि 'ओर्कनेआस'. बस. ते कसे दिसतात, काय करतात, काहीच नाही. जुन्या शब्दसंग्रहांत 'ओर्क' हा शब्द रोमन पाताळदेवता ओर्कुसच्या जोडीने, सैतान अशा अर्थी येतो. टॉल्कीन यांनी स्वतः सांगितलं आहे, की शब्दाचा नाद शोभला म्हणून तो घेतला. अंगभर चिलखत घालून फौजेने चाल करून येणारा ऑर्क कुठल्याही जुन्या कथेत नाही. त्याचा जवळचा पूर्वज म्हणजे जॉर्ज मॅकडॉनल्ड यांच्या १८७२ च्या मुलांच्या कादंबरीतले खाणीत राहणारे गॉब्लिन.

रिकाम्या शब्दात मग त्या त्या काळाची भीती भरली गेली. १९५८ मध्ये एका सिनेमाच्या पटकथेवर शेरे लिहिताना टॉल्कीन यांनी ऑर्कांचं वर्णन केलं: बुटके, रुंद, चपट्या नाकाचे, पिवळट कातडीचे, तिरक्या डोळ्यांचे, युरोपीयांच्या डोळ्यांना कुरूप वाटणाऱ्या मंगोल चेहऱ्यांची विद्रूप आवृत्ती. त्यात 'युरोपीयांच्या डोळ्यांना' हे त्यांनी जोडलं, एवढं भान त्यांना होतं. पण वाचताना मला धक्का बसला, आणि तो ओसरलेला नाही. पूर्वेकडून येणाऱ्या टोळधाडीची युरोपची जुनी धास्ती इथे उघड उभी आहे.

आणि तरीही याच लेखकाला ऑर्कांचा प्रश्न आयुष्यभर सुटला नाही. ते श्रद्धाळू कॅथलिक होते. सैतानाला जीव निर्माण करता येत नाही, तो फक्त बिघडवू शकतो, हा त्यांचा विश्वास. मग ऑर्क कुठून आले? छळ करून बिघडवलेले एल्फ? मग त्यांना आत्मा आहे, आणि त्यांना सरसकट मारणं योग्य कसं? उतारवयात त्यांनी यावर पुनःपुन्हा टिपणं लिहिली, कधी ऑर्क माणसांपासून, कधी पशूंपासून आले असं मांडलं, आणि १९७३ मध्ये ते गेले तेव्हाही उत्तर ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात मुलाला लिहिलेल्या पत्रात तर त्यांनी म्हटलं होतं, की प्रत्यक्षात गोष्टींसारखं स्पष्ट नसतं, आपल्याही बाजूला पुष्कळ ऑर्क होते.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये एका बोगद्यात दोन ऑर्क म्होरके गप्पा मारतात. वरच्या साहेबांबद्दल कुरकुर करतात. लढाई संपली की चार विश्वासू पोरं घेऊन कुठेतरी निघून जाऊ, जिथे डोक्यावर मोठे साहेब नसतील, असं एक जण म्हणतो. पुढच्याच दिवशी त्यांच्या टोळ्या एकमेकांची कत्तल करतात. पण ते अर्धं पान वाचल्यावर ऑर्कांना नुसती फौज म्हणून बघणं मला जमत नाही.

मग साचा इतका घट्ट झाला तो कधी? माझं उत्तर आहे १९७४ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. गोष्ट सांगणाऱ्याला ब्रोक कसा होता एवढं सांगून भागतं. खेळाचा नियम लिहिणाऱ्याला मात्र *कुठलाही* ड्वार्फ काय करू शकतो, हे आधीच ठरवावं लागतं. पहिल्याच नियमपुस्तकांत ड्वार्फला उतरते बोगदे, सरकत्या भिंती आणि सापळे ओळखता येत, जादूचा परिणाम त्याच्यावर कमी होई, आणि तो फक्त लढवय्या होऊ शके, तेही सहाव्या पायरीपर्यंत. माणसाला अशी मर्यादा नव्हती. खाणकामगारांचं अंधारातलं शहाणपण इथे फाशाच्या आकड्यात उतरलं.

१९७८ च्या पुस्तकात तर एक तक्ता आहे, कुठल्या वंशाला कोण आवडतं याचा. ड्वार्फच्या ओळीत एल्फच्या रकान्यात तिटकारा आणि अर्ध-ऑर्कच्या रकान्यात द्वेष. हारावरून झालेल्या त्या जुन्या खूनखराब्याची, सगळ्या शोकांतिकेची, एका अक्षरात नोंद झाली. त्याच पुस्तकात ड्वार्फला दणकटपणात एक गुण जास्त आणि छाप पाडण्यात एक कमी, एल्फला चपळाईत एक जास्त आणि दणकटपणात एक कमी, अर्ध-ऑर्कला छाप पाडण्यात दोन कमी. खेळाडू शहाणा असतो. ज्या वंशाला ज्या कामात गुण जास्त, त्यालाच तो ते काम देतो. हजारो टेबलांवर हजारो लढवय्ये ड्वार्फ आणि धनुर्धारी एल्फ असे जन्माला आले, आणि त्या टेबलांवर वाढलेल्या पोरांनी पुढे कॉम्प्युटर गेम बनवले. अगदी ड्वार्फांचा स्कॉटिश उच्चारही असाच हातोहात आला. पॉल अँडरसन यांच्या एका कादंबरीतला ड्वार्फ स्कॉटिश ढंगात बोलतो, आणि ती कादंबरी या खेळाच्या जन्मदात्यांच्या आवडीची होती.

एक व्यावहारिक कारणही आहे. सत्तरच्या दशकात टॉल्कीन यांच्या कृतींचे हक्क असलेल्यांनी हरकत घेतली, तेव्हा खेळातून 'हॉबिट' आणि 'एंट' ही नावं काढावी लागली. एल्फ, ड्वार्फ आणि ऑर्क राहिले, कारण ती नावं जुन्या भाषांतली, कुणाच्याही मालकीची नसलेली. फुकट मिळणारी, सगळ्यांना ओळखीची पात्रं कुठला गेम बनवणारा सोडेल? गेल्या पन्नास वर्षांत ऑर्क हिरवे झाले, त्यांना सुळे फुटले, काही गेममध्ये ते शूर आणि निसर्गपूजक झाले. हा शेवटचा बदल मला पूर्णपणे पटत नाही, कारण रानटी शत्रूच्या जागी उदात्त रानटी माणूस बसवला, तरी तो साचाच राहतो.

२०२४ च्या नव्या नियमपुस्तकात वंशाप्रमाणे गुण कमी-जास्त करणं बंद झालं. ते आता पात्राच्या पूर्वायुष्यावरून ठरतात, म्हणजे तो लोहाराकडे शिकला की मठात वाढला यावरून. ऑर्क आता खेळाडूंना सरळ घेता येतात. यावर जुने खेळाडू खूप नाराज आहेत, सगळ्यांना सारखं करून टाकलं म्हणतात. त्यांची अर्धी तक्रार मला मान्य आहे. त्याच पुस्तकात ड्वार्फला अजूनही दगडातली कंपनं जाणवतात आणि विष कमी बाधतं. ते ठेवलं हे उत्तम झालं. त्यामागे भट्टी आहे, बोगदा आहे, शेकडो वर्षं अंधारात काम केलेली माणसं आहेत. 'जन्मतः दुष्ट' या ऑर्कांवरच्या शिक्क्यामागे असं काहीच नव्हतं, म्हणून तो गेल्याने कुठलीही परंपरा बुडाली नाही.

माझ्या टेबलावर मी वंशाचे तक्ते वापरणं सोडलं आहे. त्याऐवजी प्रत्येक खेळाडूला त्याच्या पात्राबद्दल एकच प्रश्न विचारतो: याने आजवर कुठलं काम अर्धवट सोडलेलं नाही, आणि त्याची किंमत काय दिली? गेल्या मोहिमेत एकीने उत्तर दिलं, की तिची एल्फ लोहार आहे, आणि ज्या राजाने तिला पांगळं केलं त्याच्यासाठी ती अजून पेले घडवते आहे. तिने व्योलुंडचं नावही ऐकलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्या राजाच्या दरबारात खेळ सुरू होतो, आणि पहाऱ्यावर दोन ऑर्क आहेत. त्यांना साहेबांचा कंटाळा आलेला आहे.